जुनी गाडी कर्जावर: मागणी ६ लाख २०, मंजुरी ४ लाख ३२. हे गणित कुणी समजावेल का?

पाचवा_गिअर
नमस्कार मंडळी. जुनी गाडी घ्यायचं चाललंय. गाडी मनात भरली आहे, चालवून झाली, ओळखीच्या मेकॅनिकनेही मान डोलावली. विकणारा डीलर आहे. त्याची मागणी ६ लाख २० हजार. "नव्वद टक्के कर्ज आरामात होतं," असं तो पहिल्या भेटीपासून म्हणत होता, म्हणून मी ६२ हजार आणि वरखर्चाला थोडे, एवढेच बाजूला काढून ठेवले होते.

आता कर्ज देणाऱ्यांकडून उत्तर आलंय. गाडीचं मूल्यांकन ५ लाख ४० हजार. त्याच्या ८० टक्के म्हणजे ४ लाख ३२ हजार मंजूर. दर १५ टक्के. मी पाच वर्षं मागितली होती, ते म्हणतात चारच मिळतील. म्हणजे माझ्या खिशातून जायचे ६२ हजार नाहीत, १ लाख ८८ हजार!

ऑफिसातल्या एकाने नुकतीच नवी गाडी १० टक्क्यांनी घेतली. माझे आजवरचे सगळे हप्ते वेळेवर गेलेत, एकही चुकलेला नाही. मग मलाच पाच टक्के जास्त का? आणि जी गाडी बाजारात सहा लाखांच्या वर विकली जाते ती यांच्या कागदावर ५ लाख ४० ची कशी होते? डीलर म्हणतो, "ते सोडा, माझ्याकडे दुसरी फायनान्स कंपनी आहे, ९ टक्क्यांत करून देतो." ते खरं असेल का?

रविवारचा_ड्रायव्हर
साधी गोष्ट आहे हो. जुनी गाडी बिघडते, म्हणून धोका जास्त, म्हणून व्याज जास्त. नव्या गाडीला वॉरंटी असते, जुन्या गाडीला देव असतो.

चहाटळ
९ टक्के ऐकल्याबरोबर मी डीलरला एकच विचारलं असतं, "हप्ता किती आणि किती महिने?" बाकी सगळं गुंडाळून ठेवा.

जुना_हिशेब
चहाटळ यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय, त्यावर येतोच. मी बरीच वर्षं वाहन कर्जाच्या फायली तपासायचं काम केलंय, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून हे कसं दिसतं ते सांगतो.

रविवारचा_ड्रायव्हर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. गाडी बिघडली म्हणून कर्ज देणाऱ्याचं थेट काही जात नाही, दुरुस्तीचं बिल तुम्ही भरता. पण मोठं बिल आलं आणि त्याच महिन्यात हप्ताही आला, तर माणूस आधी गाडी सुरू करतो आणि हप्ता पुढे ढकलतो. तेवढ्यापुरता बिघाडाचा संबंध आहे. दर वाढण्याची मोठी कारणं मात्र वेगळी आहेत.

पहिलं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे फायलीचा खर्च. कर्ज बारा लाखांचं असो की चार लाखांचं, घरी चौकशीला माणूस जातोच, कागद तपासले जातात, बोजा नोंदवला जातो, पुढे हप्ते वसूल करणारी यंत्रणा सांभाळावी लागते. जुन्या गाडीला वर मूल्यांकन आणि आधीच्या मालकीची तपासणी येते. समजा एका फायलीला सगळं मिळून १२ हजार खर्च येतो. नव्या गाडीचं कर्ज १२ लाखांचं, पाच वर्षांचं. मुद्दल हळूहळू फिटतं, म्हणून सरासरी येणं धरा सहा लाख, पाच वर्षं. त्यावर १२ हजार म्हणजे वर्षाला ०.४ टक्के. जुन्या गाडीचं कर्ज ४ लाखांचं, तीन वर्षांचं. सरासरी येणं दोन लाख, तीन वर्षं. तेच १२ हजार इथे वर्षाला २ टक्के होतात. तुमची पत कितीही चांगली असली तरी दीडएक टक्क्याचा फरक इथेच पडला. आकडे समजुतीपुरते आहेत, पण गणित असंच चालतं.

दुसरं, गाडी ओढून आणायची वेळ आली तर हातात काय पडेल याचा अंदाज. नव्या गाडीची किंमत काय होती आणि दोन वर्षांनी ती किती उतरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. जुन्या गाडीत दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या लिलावातल्या किमतीत मोठी तफावत पडते, कारण एकीच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. अंदाज जितका ढिला, तितका दर वर.

आणि तिसरं, तुमच्या ऑफिसातल्या माणसाचा १० टक्के दर कदाचित पूर्ण खराही नसेल. गाडी खपावी म्हणून बनवणारी कंपनी कधीकधी व्याजाचा काही भाग स्वतः भरते आणि त्या बदल्यात रोख सवलत कमी करते. जुन्या गाडीमागे असा कुणी पाठीराखा नसतो.

तुमची पत चांगली असल्याचा उपयोग होतोच. पण जुन्या गाडीच्या दरांच्या पट्ट्यात तुम्ही खालच्या टोकाला जाता, नव्या गाडीच्या पट्ट्यात नाही. १५ वरून घासाघीस करून एखादा टक्का उतरू शकेल. १० होणार नाही.

वसुधा_प
माझंही असंच झालंय. गाडीवर अजून दीड वर्षाचं कर्ज आहे आणि घेणारा म्हणतो, तुम्ही आधी कर्ज फेडा मग मी पैसे देतो. मी म्हणते, तुम्ही पैसे दिलेत की मी फेडते. तुम्हीही डीलरला सांगा की राहिलेलं कर्ज त्याने फेडावं, तुम्ही का भरायचं?

पाचवा_गिअर
वसुधाताई, गाडी मी विकत नाहीये, घेतोय. आधीचं कर्ज या गाडीवर आहे की नाही ते मात्र विचारलंच नाही मी!

जुना_हिशेब
विचारा, लगेच विचारा. तिथेच पुष्कळ फायली अडकतात. नोंदणीच्या कागदावर आधीच्या कर्ज देणाऱ्याचा बोजा दिसत असेल, तर तो उतरल्याशिवाय नव्याचा चढत नाही. पुष्कळदा कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण मालकाने ना हरकत पत्र आणून नोंद काढलेली नसते. तुमची मंजुरी काही ठरावीक दिवसांपुरतीच असते, आणि या धावपळीत ती उलटली तर पुन्हा मूल्यांकन करावं लागू शकतं.

वसुधाताई, तुमच्या बाबतीत वाट आहे. तुमच्या कर्ज देणाऱ्याकडून कर्ज पूर्ण बंद करण्याची रक्कम तारखेसह लेखी घ्या. घेणाऱ्याने तेवढी रक्कम थेट त्या खात्यात भरावी आणि वरची तुम्हाला द्यावी. म्हणजे दोघांपैकी कुणालाच दुसऱ्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही. मात्र त्या रकमेत मुदतीआधी फेडण्याचा दंड धरलाय का ते बघा.

वसुधा_प
हो का, थेट भरता येतं हे माहीतच नव्हतं. उद्याच पत्र मागते.

स्टेपनी
मूल्यांकनाचं मी सांगतो, मी ते काम करतो. लोकांना वाटतं आम्ही गाडी बघून मनाला येईल तो आकडा टाकतो. तसं नसतं. कर्ज देणाऱ्याकडे मॉडेल, प्रकार आणि सालानुसार किमतींचा स्वतःचा तक्ता असतो. आम्ही गाडी पाहून अहवाल देतो. तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा सौद्याचा आकडा. बहुतेक जण या तिन्हींपैकी जो सगळ्यात कमी तो धरतात आणि त्यावर टक्केवारी लावतात. डीलरची मागणी ही त्याची मागणी आहे. तिच्यात त्याचा नफा, पॉलिश, नवे सीट कव्हर, साउंड सिस्टिम, जागेचं भाडं सगळं असतं. आमच्या लेखी म्युझिक सिस्टिमची किंमत शून्य. अलॉय चाकांचीही जवळपास शून्य.

म्हणून डीलर ज्या नव्वद टक्क्यांबद्दल बोलत होता ते कशाचे नव्वद, हे विचारायला हवं होतं. मागणीचे नव्वद आणि मूल्यांकनाचे ऐंशी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमच्या गाडीत ८० हजारांची दरी आहे. एवढी दरी नुसत्या नफ्याने पडायची नाही. काहीतरी कारण आहे. अहवालाची प्रत मागा आणि त्यात तीन गोष्टी पाहा. गाडीचा प्रकार बरोबर लिहिलाय का, कारण वरच्या मॉडेलऐवजी खालचं लिहिलं गेलं तर किंमत तिथेच पडते, आणि ही चूक दुरुस्त होते. मालक कितवा लिहिलाय. आणि बनवल्याचं साल कोणतं आहे.

पाचवा_गिअर
प्रत मिळाली. प्रकार बरोबर आहे. मालक दुसरा, तेही बरोबर. साल मात्र गंमतशीर आहे. डीलरने मला गाडी पाच वर्षांची सांगितली होती, नोंदणीही पाच वर्षांपूर्वीचीच आहे. अहवालात वय सहा वर्षं लिहिलंय. ही चूकच ना? दुरुस्त करून घेऊ का?

स्टेपनी
थांबा, घाई नको. नोंदणी कुठल्या महिन्यातली आहे?

पाचवा_गिअर
वर्षाच्या सुरुवातीची. दुसरा महिना.

स्टेपनी
मग ती चूक नाही. गाडी आधीच्या वर्षी बनली, शोरूमच्या गोदामात पडून राहिली आणि नव्या वर्षी विकली गेली. त्या काळी पहिल्या मालकाला बहुधा त्यापोटी सूटही मिळाली असेल. तुम्हाला डीलर नोंदणीचं वय सांगतोय, आम्ही बनवल्याचं धरतो.

स्वतः खात्री करायची असेल तर बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी असते, ती पाहा. ती खरवडलेली असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून काढा, तळाशी शिवलेल्या कापडी चिठ्ठीवर पुष्कळदा तारीख असते. काचांच्या कोपऱ्यातही सालाची खूण असते. सगळ्या काचा जुन्या सालाच्या आणि एकच नव्या सालाची असेल, तर ती काच का बदलली हेही विचारा.

पाचवा_गिअर
पाहिलं. सीटबेल्टवर आधीच्या वर्षाचा शेवटचा महिना आहे. काचा सगळ्या एकाच सालाच्या. म्हणजे डीलरने खोटं सांगितलं नाही, पण पूर्णही सांगितलं नाही.

जुना_हिशेब
आता तुमच्या तिसऱ्या कोड्याचं उत्तर आपोआप मिळालं. पाच वर्षं मुदत का नाकारली? बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की कर्ज संपेल त्या दिवशी गाडीचं वय एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. कुठे ती दहा वर्षं असते, कुठे जास्त, ज्याचं धोरण त्याचं. तुमच्याकडे दहाची असावी. गाडी पाचची असती तर पाच वर्षं मुदत बसली असती. गाडी सहाची निघाली, म्हणून चार. एका सालाच्या फरकाने किंमतही उतरली आणि मुदतही.

माझं ऐकाल तर मुदत कापली गेली हे तुमच्या हिताचंच झालं. ४ लाख ३२ हजारांवर १५ टक्क्यांनी हिशेब मांडू.

तीन वर्षं: हप्ता साधारण १४,९७५, एकूण व्याज १ लाख ७ हजार.
चार वर्षं: हप्ता १२,०२३, व्याज १ लाख ४५ हजार.
पाच वर्षं: हप्ता १०,२७७, व्याज १ लाख ८५ हजार.

तीनवरून चारवर गेलात तर हप्ता सुमारे २,९५० ने उतरतो. चारवरून पाचवर गेलात तर फक्त १,७५० ने. व्याज मात्र दोन्ही वेळा ३८ ते ४० हजारांनी वाढतं. मुदत वाढवत जाल तसा हप्त्यातला दिलासा आटत जातो आणि व्याज तितकंच घेतं. शिवाय पाचव्या वर्षी तुमच्या हातात अकरा वर्षांची गाडी असेल, दुरुस्त्या वाढलेल्या असतील, आणि हप्ता चालूच असेल.

रविवारचा_ड्रायव्हर
मग तर तीनच वर्षांचं घ्यावं. कमी मुदत, कमी व्याज, विषय संपला.

जुना_हिशेब
इतकं सरळ नाही. तीन वर्षांचा हप्ता घेतला आणि दुरुस्तीला काहीच उरलं नाही, तर सहा वर्षांच्या गाडीत ते अंगाशी येतं. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शनचे बुश, ही सगळी खाती याच वयात उघडतात. मी पाहिलेल्या थकलेल्या फायलींमध्ये पगार गेलेल्यांइतकेच असे लोक होते, ज्यांच्याकडे एका मोठ्या दुरुस्तीपुरतीही शिल्लक नव्हती. म्हणून माझी पद्धत अशी. हप्ता आणि दुरुस्तीसाठी दर महिन्याला बाजूला टाकायचे पैसे, या दोन्हींची बेरीज करा. ती बेरीज सहज झेपत असेल तर तीन वर्षं. ओढाताण होत असेल तर चार. चारमध्येही होत असेल, तर गाडी महाग आहे असं समजा, मुदत लहान आहे असं नाही.

कोरा_कागद
मला कळत नाही तुम्ही सगळे एवढा खल का करताय. सरळ वैयक्तिक कर्ज घ्या. मूल्यांकन नाही, बोजा नाही, गाडीचं वय कुणी विचारत नाही. पाच वर्षं मिळतात. मी तसंच केलं, गाडी पहिल्या दिवसापासून माझ्या नावावर मोकळी.

पाचवा_गिअर
खरं तर मीही त्याच विचारात होतो. पूर्ण नाही, पण ४ लाख ३२ हजार गाडीवर आणि उरलेले १ लाख २६ हजार वैयक्तिक कर्जातून, म्हणजे माझे ६२ हजार जसेच्या तसे पुरतील.

जुना_हिशेब
कोरा_कागद, तुमचा दर किती होता आणि गाडी केवढ्याची, ते सांगितलं असतं तर बोलता आलं असतं. पत फार चांगली असेल आणि वैयक्तिक कर्जाचा दर जुन्या गाडीच्या दराच्या जवळपास येत असेल, तर तो मार्ग वाईट नाही, विशेषतः रक्कम लहान असेल तर. मला वैयक्तिक कर्जापेक्षा "मूल्यांकन नाही" याला फायदा म्हणण्याची भीती वाटते. मूल्यांकन तुम्हाला फुकटात सांगतंय की गाडी ५ लाख ४० ची आहे. ते ऐकायचंच नाही म्हणून दुसरं कर्ज काढायचं?

पाचवा_गिअर, तुमचा बेत आकड्यांत पाहा. सोयीसाठी दोन्ही कर्जं १५ टक्के आणि पाच वर्षं धरू, प्रत्यक्षात गाडीचं चारच वर्षांचं आहे आणि वैयक्तिक कर्जाचा दर बहुधा वर असेल. एकूण देणं ५ लाख ५८ हजार, हप्ता सुमारे १३,३००. एका वर्षाने शिल्लक देणं असेल सुमारे ४ लाख ७७ हजार. गाडीची किंमत वर्षाला बारा टक्के उतरते असं धरलं, तर ५ लाख ४० ची तेव्हा ४ लाख ७५ हजारांची झाली. आणि ही चांगल्या गिऱ्हाइकाने दिलेली किंमत. घाईत डीलरला विकलीत तर आणखी कमी. म्हणजे वर्षभर हप्ते भरून गाडी विकायची वेळ आली, तर गाडी देऊन वर खिशातून पैसे घालायचे. अपघातात गाडी पूर्ण गेली तरी तेच, कारण विमा कंपनी गाडीची किंमत देते, तुमचं देणं नाही.

गाडीवरचं कर्ज एकटंच असतं तर वर्षाने देणं चार लाखांच्या बरंच खाली आलं असतं आणि गाडी ४ लाख ७५ ची. तो ८० टक्क्यांचा नियम देणाऱ्याने स्वतःसाठी केलाय, पण त्याची सावली तुमच्यावरही पडते.

कोरा_कागद
माझी गाडी छोटी होती, कर्ज दोन लाखांच्या आत. दर तुमच्या १५ पेक्षा थोडा वर होता हे खरं. पण विकताना कुणाच्या दारात जावं लागलं नाही, त्याची मला किंमत वाटते. माझं मत तेच.

चहाटळ
ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज मिळतं, ते या सगळ्यांपेक्षा स्वस्त पडतं. कुणी त्याबद्दल बोलतच नाहीये. पाचवा_गिअर, ठेव आहे का?

पाचवा_गिअर
छोटी आहे, पण ती आजारपणासाठी ठेवलेली. तिला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय.

आणि डीलरचे ९ टक्के? आज विचारलं. ४ लाख ३२ हजारांवर चार वर्षांसाठी हप्ता १२,२४० म्हणाला. १५ टक्क्यांचा हप्ता १२,०२३ आणि ९ टक्क्यांचा १२,२४०? डोकं गरगरलं.

चहाटळ
म्हणून म्हटलं होतं, हप्ता विचारा.

जुना_हिशेब
हा सपाट दर आहे. ४ लाख ३२ हजारांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला ३८,८८०. चार वर्षांचे १ लाख ५५ हजार ५२०. हे मुद्दलात मिळवायचं आणि ४८ ने भागायचं, झाले १२,२४०. गोम अशी की तिसऱ्या वर्षी तुमचं मुद्दल अर्ध्याच्या आसपास फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ४ लाख ३२ हजारांवर लावलंय. घटत्या शिलकीवर मोजलं तर हे जवळजवळ १६ टक्के पडतात. तुमचे १५ त्यापेक्षा स्वस्त.

तुलना करताना आणखी एक पाहा. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन शुल्क, कधी न मागितलेला कर्जाचा विमा, हे सगळं कापून हातात किती पडतात? ४ लाख ३२ हजारांवर सही करून ४ लाख २० हजारच सुटले, तर हप्ता ४ लाख ३२ चाच जातो आणि खरा दर आणखी चढतो. दोन्हीकडून एकाच नमुन्यात माहिती मागा: हातात येणारी रक्कम, हप्ता, महिने, आधी फेडल्यास दंड.

पाचवा_गिअर
डीलरने आणखी एक सुचवलं. म्हणाला, विक्रीच्या कागदावर ६ लाख ९० लिहू, मग कर्ज जास्त बसेल.

स्टेपनी
बसणार नाही. तिन्हींतला सगळ्यात कमी आकडा धरतात हे वर सांगितलंच. तुमचा कमी आकडा मूल्यांकनाचा आहे, तो कागदावर ६ लाख ९० लिहून हलत नाही. आणि खोट्या किमतीच्या कागदावर सही तुमची असेल, डीलरची नाही. असं सुचवणाऱ्याचा मूल्यांकन करणाराही "ओळखीचा" निघाला तर तिथून उठा.

जुना_हिशेब
शंभर टक्के सहमत. त्यापेक्षा अहवाल घेऊन डीलरसमोर बसा. "गाडी सहाची आहे, किंमत पाचच्या गाडीची लावली आहे, हा बघा सीटबेल्ट." मूल्यांकनाइतक्या भावात तो देणार नाही, त्यालाही पोट आहे. पण दरी दोघांनी वाटून घेता येते. तो ५ लाख ७५ ला आला, तर कर्ज तेवढंच राहील आणि तुमच्या खिशातले १ लाख ४३ हजार होतील.

पाचवा_गिअर
बोललो. आधी बराच वेळ "नोंदणीचंच वय चालतं" हेच ऐकवलं. मग ५ लाख ८५ वर आला, आणि वर नवे टायर देतो म्हणतोय. बोजाचंही विचारलं. जुनी नोंद आहे, कर्ज फिटलंय म्हणे, ना हरकत पत्र "येईल".

म्हणजे माझे १ लाख ५३ हजार लागणार. माझ्याकडे आज नव्वदच्या आसपास आहेत, नाव बदलायचा आणि विम्याचा खर्च वगळून. तीन-चार महिने थांबलो तर बाकीचे जमतील. डीलर म्हणतो तोवर गाडी राहणार नाही.

रविवारचा_ड्रायव्हर
गाड्या काय, रोज येतात. थांबा की.

कोरा_कागद
थांबू नका. साठ हजारांचं वैयक्तिक कर्ज दीड वर्षात फिटेल. आता ते वर सांगितलेलं १ लाख २६ चं लचांड नाही. चांगली गाडी हातची घालवण्यापेक्षा बरं.

जुना_हिशेब
या रकमेला माझा विरोध तेवढा कडक नाही. ४ लाख ९५ चं एकूण देणं मूल्यांकनाच्या आत बसतं आणि ते दीड वर्षात भराभर खाली येतं. पण त्या दीड वर्षात गाडीचे १२ हजार आणि वर याचे साडेतीन-चार हजार, म्हणजे सोळाएक हजार झाले. दुरुस्तीचे पैसे त्यानंतर उरतात का, हे तुम्हीच सांगू शकता. मी स्वतः थांबलो असतो. माझ्या घरच्यांनी नसतं थांबू दिलं, ती गोष्ट वेगळी.

वसुधा_प
मुदतीचं विचारायचं होतं. चार वर्षांचं घेऊन मध्येच जास्तीचे पैसे भरले तर चालतं ना? माझा धंदा आहे, उत्पन्न कधी जास्त कधी कमी. मला लांब मुदत आणि छोटा हप्ता बरा वाटतो, हातात आले की भरून टाकायचे.

जुना_हिशेब
तुमच्यासारख्यांना ते सोयीचं पडू शकतं, पण दोन अटींवर. लांब मुदतीला दर वेगळा लावलेला नसावा, आणि अधूनमधून भरलेल्या रकमेवर दंड नसावा. काही ठिकाणी पहिले काही महिने जास्तीचं भरूच देत नाहीत. भरलेली रक्कम मुद्दलातून वजा होते की पुढच्या हप्त्यांपोटी जमा धरतात, हेही लेखी विचारा. पुढच्या हप्त्यांपोटी धरली तर व्याज वाचत नाही. माझा अनुभव असाही आहे की "नंतर भरू" म्हणणाऱ्यांपैकी थोडेच भरतात, पण तुम्ही त्यातल्या नसालही.

स्टेपनी
पाचवा_गिअर, थांबा किंवा घ्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ना हरकत पत्र हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नका. आणि नवे टायर देतो म्हणतोय, तर टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात ते पाहा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

पाचवा_गिअर
बयाणा मागत होताच, दिलेला नाही. पत्राची तारीख दोन दिवसांत कळवतो म्हणाला. माझ्या मंजुरीचे अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात पत्र नाही आलं तर पुन्हा मूल्यांकनाचे पैसे मलाच भरावे लागतील का, की आधीचाच अहवाल चालेल?

स्टेपनी
ज्याचा त्याचा नियम. काही जण महिन्या-दोन महिन्यांचा अहवाल चालवून घेतात, काही नाही. आजच फोन करून विचारा. आणि गाडीचं वर्ष पालटायच्या आधी काम उरका, नाहीतर तक्त्यात गाडी सातची होईल आणि तुमचे चार वर्षांचे तीन होतील.